‘रायटर’ की ‘रायडर’? अमेरिकन कॉलवर ट आणि ड एकच ऐकू येतात तेव्हा काय तपासायचं

मालाड, ऐरोली, पवई इथल्या अमेरिकन प्रोसेसमध्ये नव्या बॅचला पहिल्या काही आठवड्यांत हटकून येणारी ही अडचण आहे. मेडिकल ट्रान्सक्रिप्शन आणि कॅप्शनिंग करणाऱ्यांनाही ती तितकीच सतावते. ऑस्ट्रेलियन कॉल घेणारेही यातून सुटत नाहीत, कारण तिकडच्या बोलण्यातही हाच प्रकार आहे.

लक्षणं

- ग्राहक ‘मेटल’ म्हणाला, तुम्ही ‘मेडल’ टाइप केलं. ‘लॅटर’चं ‘लॅडर’ झालं, ‘बिटर’चं ‘बिडर’.
- ‘बेटी’ नावाची बाई सिस्टिममध्ये ‘बेरी’ म्हणून गेली.
- थर्टीन-थर्टी, फोर्टीन-फोर्टी, एटीन-एटी या जोड्यांमध्ये रक्कम किंवा तारीख चुकते.
- रेकॉर्डिंग चार वेळा ऐकलं, वेग कमी करून ऐकलं, तरी ट की ड ते ठरत नाही.
- उलट बाजूनेही गोंधळ होतो: तुम्ही ‘मीरा’ सांगता, ग्राहक ‘मीडा’ किंवा ‘मीटा’ म्हणून हाक मारतो.

यातली दोन-तीन लक्षणं एकत्र दिसत असतील, तर कारण बहुधा एकच आहे. अमेरिकन, कॅनेडियन आणि ऑस्ट्रेलियन बोलण्यात दोन स्वरांमध्ये अडकलेला ट किंवा ड पूर्ण उच्चारला जात नाही. जिभेचं टोक वरच्या दातांमागच्या हिरडीला एकदाच, ओझरतं लागतं आणि सुटतं. या स्पर्शाला फ्लॅप म्हणतात. तो सेकंदाच्या साधारण पन्नासाव्या ते तिसाव्या भागाइतका टिकतो आणि त्या वेळी गळ्यातला आवाज चालूच असतो. ट आणि ड दोघांचाही हाच स्पर्श होतो, म्हणून मूळ अक्षर कोणतं होतं याची खूण जवळजवळ पुसली जाते.

मराठी कानाचं इथे एक खास गणित आहे. ‘पाटी’ म्हणताना जीभ क्षणभर थांबते. ‘गाडी’ म्हणताना ती नुसती फटकारा मारून जाते, आणि ‘मारी’मधल्या र ला तर ती हिरडीला एकदाच टेकते. म्हणजे अमेरिकन फ्लॅप आपल्या ड आणि र च्या घरातला पाहुणा आहे, ट च्या नाही. त्यामुळे आपली चूक बहुतेक एकाच दिशेने होते. मूळ ट असतो आणि आपण ड किंवा र लिहितो. तपासताना याचा मोठा उपयोग होतो: टाइप केलेल्या मजकुरात दोन स्वरांमध्ये ट असेल तर तो सहसा बरोबर असतो, शंका घ्यायची ती ड वर. अमेरिकन माणसाची ‘इटली’ आपल्याला ‘इडली’ ऐकू येते ती याच हिशोबाने.

तपासणी १: लाइन खराब आहे की फ्लॅप आहे?

दोन मिनिटांचं काम आहे, खर्च शून्य. त्याच कॉलवर स आणि फ यांतही गोंधळ होतोय का ते बघा. ‘एस’ आणि ‘एफ’ ही अक्षरं वेगळी कळत नसतील, शब्दांच्या सुरुवातीचे प, ट, कही अस्पष्ट असतील, तर दोष हेडसेटचा किंवा लाइनचा आहे. साध्या फोन लाइनवर ३४०० हर्ट्झच्या वरचा आवाज जवळजवळ जातच नाही, आणि स-फ मधला फरक बराचसा त्या वरच्या भागातच असतो. हेडसेट बदला, माइकचा फोम साफ करा, आयटीला तिकीट टाका.

बाकी सगळं स्वच्छ ऐकू येतंय आणि फक्त दोन स्वरांमधला ट-डच अडतोय, तर तो फ्लॅप आहे. महागडा हेडसेट घेऊन तो जात नाही. हे आधी ठरवणं गरजेचं आहे, कारण फ्लोअरवर याच्या नावाने हेडसेट वारंवार बदलले जातात आणि अडचण जागच्या जागी राहते.

एक मिश्र प्रकारही आहे. इंटरनेटवरून येणारा आवाज साधारणपणे २० मिलिसेकंदांच्या तुकड्यांत पाठवला जातो. फ्लॅपही जवळपास तेवढाच लांब. एखादा तुकडा वाटेत हरवला, तर ट-ड पुरता गायब होऊ शकतो आणि नुसते दोन स्वर एकमेकांना चिकटलेले ऐकू येतात. असं वारंवार होत असेल तर नेटवर्कवाल्यांकडे पॅकेट लॉस तपासायला सांगा.

तपासणी २: आकडा आहे का?

सर्वांत जास्त पैसे याच ठिकाणी बुडतात, म्हणून हे लगेच बघायचं. गंमत अशी की इथे फ्लॅप तुमच्या बाजूचा साक्षीदार आहे. फ्लॅप होण्यासाठी पुढचा स्वर बिनआघाताचा लागतो. ‘थर्टी’मध्ये आघात ‘थर’वर असतो, ‘टी’ हलका असतो, म्हणून तिथे फ्लॅप होतो आणि आपल्याला ‘थर्डी’ ऐकू येतं. ‘थर्टीन’मधला ‘टीन’ जड असतो, म्हणून तिथला ट पूर्ण, फुंकर मारल्यासारखा येतो. मराठी कानाला तो ‘ठीन’च्या जवळ जातो.

म्हणजे ड सारखं ऐकू आलं तर तीस, ठ सारखं ऐकू आलं तर तेरा. चाळीस-चौदा आणि ऐंशी-अठरा यांनाही हाच नियम लागतो. शेवटच्या ‘न’ची वाट बघू नका. फोनवर तो बऱ्याचदा पुढच्या शब्दात मिसळून जातो आणि ‘थर्टीन नाइंटी-नाइन’मध्ये तर सापडणारच नाही.

हा नियम सगळ्या आकड्यांना लावू नका. ‘फिफ्टी’ आणि ‘सिक्स्टी’मध्ये ट च्या आधी व्यंजन आहे, स्वर नाही, त्यामुळे तिथे फ्लॅप होत नाही. पन्नास-पंधरा आणि साठ-सोळा यांत आघात कुठे आहे तेवढंच ऐकायचं. ‘ट्वेंटी’ आणि ‘सेव्हंटी’मध्ये न नंतरचा ट बऱ्याच जणांच्या बोलण्यात गळतो. ‘ट्वेनी’ ऐकू आलं तर दचकू नका, ते वीसच आहे.

आकडा परत सांगताना मात्र ‘थर्टी’ला ‘थर्टी’ म्हणून थांबू नका. आपला ट ना अमेरिकन फ्लॅपसारखा असतो, ना त्यांच्या फुंकरीच्या ट सारखा. समोरच्याला दोन्ही अर्थ लागू शकतात. ‘थर्टी, थ्री-झिरो’ असंच म्हणा.

तपासणी ३: या जागी फ्लॅप होऊ शकतो का?

आधी स्वर (किंवा अमेरिकन र), नंतर बिनआघाताचा स्वर. शब्दाच्या आत एवढी अट पुरी झाली तरच शंका घ्या. ‘वॉटर’, ‘सिटी’, ‘पार्टी’, ‘डेटा’ इथे फ्लॅप होतो. ‘अटॅक’, ‘होटेल’ इथे पुढच्या स्वरावर आघात आहे, म्हणून ट खणखणीत येतो. एकाच कुटुंबातले शब्द घेतले की हे लख्ख दिसतं. ‘ॲटम’ हा ‘ॲडम’सारखा ऐकू येतो, पण ‘अटॉमिक’मधला ट पूर्ण येतो. ‘फोटो’चा ‘फोडो’ होतो, ‘फोटॉग्रफी’ची फोडणी होत नाही.

याचा अर्थ, ‘होटेल’सारख्या जागी ड ऐकू आला तर तो खरोखर ड च असण्याची शक्यता जास्त. तिथे ट-ड वर वेळ घालवू नका.

दोन शब्दांच्या सांध्यावर नियम थोडा सैल होतो. पहिला शब्द ट वर संपला आणि दुसरा स्वराने सुरू झाला, तर पुढे आघात असला तरी फ्लॅप होतो: ‘गेट आउट’चं ‘गेडाउट’, ‘नॉट ॲट ऑल’चं ‘नॉडॅडॉल’. पण शब्दाच्या सुरुवातीचा ट टिकतो. त्यामुळे ‘ग्रेट एप’ आणि ‘ग्रे टेप’ भरभर बोलले तरी वेगळे कळतात. अपवाद ‘टू’, ‘टुमॉरो’सारख्या हलक्या शब्दांचा. ‘गो टू’ सर्रास ‘गोडू’ होतं.

‘बटन’, ‘कॉटन’, ‘मॅनहॅटन’ यांत ट घशातच अडकतो. ‘कॅन’ आणि ‘कान्ट’चा घोळही वेगळाच आहे. या दोघांना या पोस्टमधली औषधं लागू पडणार नाहीत.

तपासणी ४: वेग कमी करणं थांबवा, वाक्य वाचा

रेकॉर्डिंग ७५ टक्के वेगाने ऐकणं हा सर्वांत लोकप्रिय आणि सर्वांत निरुपयोगी उपाय आहे. मंद केल्याने लपलेली माहिती मोठी होते, पण नसलेली माहिती तयार होत नाही. दोन-तीनदा ऐकून ट-ड ठरला नाही, तर ध्वनी सोडा आणि आजूबाजूचे शब्द बघा.

मूळ शब्दाच्या जागी ट आणि ड असे दोन्ही पर्याय लिहून काढा आणि दोन्ही वाक्यं पूर्ण वाचा. ‘द लॅडर ऑप्शन’ला अर्थ नाही, ‘द लॅटर ऑप्शन’ला आहे. ‘हेवी मेडल बँड’ नसतो. दहापैकी बहुतेक वेळा गाठ इथेच सुटते, आणि अमेरिकन माणूसही नेमकं हेच करतो. त्याच्या कानात काही जादू नाही.

न सुटणाऱ्या जोड्या थोड्याच असतात, पण त्या घातक असतात: कोटेड-कोडेड, ट्रेटर-ट्रेडर, पॅरिटी-पॅरडी, पेटल-पेडल, आणि आडनावं व ईमेल. विशेषनामाला संदर्भ नसतो, त्यामुळे तिथे ही तपासणी कधीच पुरत नाही.

तपासणी ५: विचारा, पण योग्य प्रश्न विचारा

एक केस सविस्तर घेऊ. ग्राहकाला वायरचं रीळ बदलून हवंय. तो म्हणतो, ‘आय ऑर्डर्ड द कलर-कोडिड वन.’ कॅटलॉगमध्ये दोन्ही वस्तू आहेत. कलर-कोटेड म्हणजे रंगीत आवरण चढवलेली, कलर-कोडेड म्हणजे प्रत्येक तारेला ओळखीसाठी वेगळा रंग दिलेली. वाक्यावरून काहीच ठरत नाही.

एजंट विचारतो, ‘सर, कोटेड की कोडेड?’ ग्राहक म्हणतो, ‘येस, कोडिड.’ प्रश्न वाया गेला. त्याच्या तोंडून दोन्ही शब्द एकाच आवाजात येतात, आणि आपण फरक करून विचारला हेही त्याच्या लक्षात येईलच असं नाही. मग एजंट सुधारून विचारतो, ‘त्यावर कोटिंग आहे का?’ पुन्हा सापळा. ‘कोटिंग’ आणि ‘कोडिंग’सुद्धा सारखेच ऐकू येतात. ग्राहक ‘हो’ म्हणेल, पण कशाला ते कळणार नाही.

चालणारे प्रश्न तीन प्रकारचे आहेत. पहिला, फ्लॅपची जागाच मोडणारा: ‘कोट’ आणि ‘कोड’ असे मूळ एकेरी शब्द घ्या आणि त्यांच्यापुढे थांबा. शब्दाच्या शेवटी, पुढे स्वर नसताना, ट आणि ड वेगळे राहतात. ‘कोट’ तुटक संपतो, ‘कोड’चा ओ लांबतो. दुसरा प्रकार स्पेलिंगचा. ‘टी की डी’ असं नुसतं विचारू नका, कारण फोनवर बी, सी, डी, ई, पी, टी ही सगळी अक्षरं एकमेकांसारखी वाटतात. ‘टी ॲज इन टँगो, ऑर डी ॲज इन डेल्टा?’ असं विचारा. दोन्ही शब्दांत ते अक्षर सुरुवातीला, आघातावर आहे, म्हणून तिथे फ्लॅप होऊच शकत नाही. तिसरा आणि सर्वांत भरवशाचा प्रकार अर्थ विचारण्याचा: ‘सगळी वायर एकाच रंगाची होती, की आतल्या तारा वेगवेगळ्या रंगांच्या होत्या?’ या केसमध्ये तिसराच विचारा. उत्तर वस्तूबद्दल येतं, उच्चार मधे येतच नाही.

आठ-दहा सेकंद जातात. टीम लीडर एएचटीवरून कुरकुरला, तर चुकीच्या पार्सलच्या परतीचा खर्च दाखवा.

ईमेल आणि नावांसाठी टँगो-डेल्टा सक्तीचं समजा. ‘बेटी’ का ‘बेरी’ एवढंच अडलं असेल तर एक सोपी खूणही आहे: अमेरिकन र म्हणताना जीभ कुठेच टेकत नाही, आवाज गोल आणि घोळल्यासारखा येतो. टेकल्याचा छोटासा ठोका ऐकू आला, तर तो र नाही, ट किंवा ड आहे.

तपासणी ६: आधीचा स्वर ऐका

ही कानाची तालीम आहे, थोडे दिवस लागतात. रेकॉर्डिंगवर काम करणाऱ्यांना ती जास्त उपयोगी, कारण त्यांना विचारण्याची सोय नसते.

कॅनडात आणि अमेरिकेच्या बऱ्याच भागांत ‘आय’ हा स्वर ट च्या आधी आखूड आणि अर्धवट उघड्या तोंडाने म्हटला जातो. ट चा फ्लॅप झाला तरी स्वर तसाच राहतो. मराठी माणसाला हा फरक पकडणं सोपं जावं, कारण आपल्याकडे दोन्ही स्वर आहेत. ‘ऐक’मधला ऐ आणि ‘काय’मधला आय. ‘रैडर’ ऐकू आलं तर लेखक, ‘रायडर’ ऐकू आलं तर स्वार. तसंच ‘टैडल’ म्हणजे टायटल आणि ‘टायडल’ म्हणजे भरती-ओहोटीचं. मार्टिन जूस या भाषाशास्त्रज्ञाने कॅनेडियन इंग्रजीतलं हे कोडं १९४२ साली नोंदवलं होतं.

मर्यादा नीट लक्षात ठेवा. ही खूण मुख्यतः ‘आय’ या एकाच स्वराला चालते. ‘मेटल-मेडल’ किंवा ‘कोटेड-कोडेड’मध्ये ड च्या आधीचा स्वर किंचित लांब असू शकतो, पण तो फरक इतका बारीक आणि बेभरवशाचा आहे की त्यावर रक्कम किंवा औषध ठरवू नये. दक्षिणेकडच्या राज्यांत ‘आय’चा उच्चारच निराळा आहे. शिवाय उत्तरेकडच्या काही जणांच्या तोंडी ‘स्पायडर’सुद्धा ‘स्पैडर’ होतो, तिथे ट चा संबंधच नाही. म्हणून ही खूण संदर्भाशी जुळली तरच धरायची.

तपासणी ७: चित्रात बघा

फ्लॅप आहे की पूर्ण ट आहे एवढंच ठरवायचं असेल, तर Praat हा फुकट प्रोग्राम पुरतो. फाइल उघडा, `View & Edit` दाबा, दोन स्वरांमधला खड्डा निवडा. वर त्याची लांबी सेकंदात दिसते. ०.०२ ते ०.०४ च्या आसपास असेल आणि खड्ड्यात लाटा चालूच असतील, तर फ्लॅप. त्याहून बराच लांब, मधे सपाट रेघ आणि शेवटी खरखरीत फवारा असेल, तर पूर्ण ट.

थर्टी-थर्टीनच्या वादात हे चित्र क्यूएसमोर पुरावा म्हणून चालतं. ‘मेटल’ की ‘मेडल’ हे मात्र चित्रही सांगणार नाही, कारण दोन्हीकडे तोच छोटा खड्डा असतो.

उलट दिशेचा दोष: तुमचा र

आपला र आणि त्यांचा फ्लॅप जवळजवळ एकच. म्हणून ‘मीरा’ त्यांना ‘मीडा’ वाटते, ‘गौरी’ची ‘गॉडी’ होते आणि ‘व्हेरी’चं ‘व्हेडी’. दोन स्वरांमधला र म्हणताना जिभेचं टोक टाळूपासून लांब, हवेत ठेवा आणि ओठ किंचित पुढे काढा. जीभ टेकली की ते ट-ड ऐकणार. ‘झिरो’, ‘सॉरी’, ‘करेक्ट’ हे तीन शब्द आधी सुधारा, कारण कॉलवर ते सर्वांत जास्त येतात. नाव सांगताना एम-डबल ई-आर-ए असं सरळ स्पेलिंग द्या.

ट चा फ्लॅप करून अमेरिकन बोलण्याची नक्कल मात्र नको. स्वच्छ ‘वॉटर’ त्यांना व्यवस्थित समजतं. अर्धवट नकलेत नको तिथेही ड घुसतो, आणि ‘होडेल’ कोणालाच कळत नाही.

कुठे थांबायचं

मेडिकल किंवा कायदेशीर रेकॉर्डिंगमध्ये संदर्भाने ठरत नसेल, तर अंदाज लिहू नका. ‘कोटेड’ म्हणजे आवरण असलेली गोळी, आणि अमेरिकन डॉक्टर ‘पेशंट कोडेड’ म्हणतो तेव्हा त्याचा अर्थ हृदय बंद पडलं असा असतो. जागा रिकामी ठेवा, वेळ नोंदवा, क्यूएकडे पाठवा. गरज पडली तर डिक्टेशन देणाऱ्या डॉक्टरकडूनच खुलासा येऊ द्या.

कॉलवर दोनदा योग्य प्रश्न विचारूनही नाव किंवा आकडा पक्का होत नसेल, तर तिसऱ्यांदा विचारू नका. ग्राहकाला ते लेखी, ईमेल किंवा चॅटवर पाठवायला सांगा.

आणि गोंधळ ट-डपुरता नसेल, मराठीतही गर्दीत स, श, फ, थ निसटत असतील, कानात शिट्टीसारखा आवाज येत असेल किंवा एकाच कानाने कमी ऐकू येत असेल, तर हा उच्चाराचा प्रश्न नाही. हेडसेटचा आवाज वाढवत बसू नका. ईएनटी डॉक्टरांना दाखवा आणि ऑडिओलॉजिस्टकडून ऑडिओमेट्री करून घ्या. वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेत ही तपासणी होते. एका कानाचं ऐकणं अचानक, एक-दोन दिवसांत गेलं असेल तर शिफ्ट संपायची वाट न बघता त्याच दिवशी जा.